नायक रडतो, पण कथा हलत नाही: मागणं आणि गरज एकाच दिशेला ओढतात तेव्हा काय करायचं

वरुड भागातल्या एका गावच्या वाचनालयात आम्ही काही जण रविवारी जमतो आणि नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथा मोठ्याने वाचतो. शेतकरी, शिक्षिका, कॉलेजची पोरं, एक पोस्टमन, असे सगळे आहेत. माझी स्वतःची संत्र्याची बाग आहे, आणि इतक्या वर्षांत एकच बिघाड मी इतक्या कथांमध्ये दुरुस्त केला आहे की तो आता पहिल्या पानावरच ओळखू येतो. त्याची तपासणी कशी करायची ते इथे क्रमाने लिहितो. सोप्या, दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरुवात करा. सगळ्यात अवघड काम शेवटी ठेवलं आहे, आणि बहुतेकांना तिथपर्यंत जावं लागत नाही.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. नायक ज्याच्यामागे जाणूनबुजून धावतो, ज्याचं नाव त्याला तोंडाने सांगता येतं, त्याला मी मागणं म्हणतो. ज्यावाचून त्याचं आतून अडलं आहे, पण जे त्याला दिसत नाही किंवा दिसलं तरी तो मान्य करत नाही, ती गरज. छोट्या कथेत जीव येतो तो ही दोन्ही विरुद्ध दिशांना ओढतात तेव्हा.

लक्षणं

वाचून झाल्यावर ऐकणारे म्हणतात, "छान आहे, परिस्थिती डोळ्यांपुढे उभी राहिली," आणि लगेच कापसाच्या भावावर बोलायला लागतात. नायकाबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. हे पहिलं लक्षण आणि सगळ्यात खात्रीचं.

दुसरं, मधले प्रसंग अदलाबदल करता येतात. बँकेचा प्रसंग आधी टाका नाहीतर सावकाराचा, काही बिघडत नाही.

तिसरं, नायक दोन-तीनदा रडतो आणि दर वेळी त्याच कारणासाठी. चौथं, शेवट बाहेरून येतो: पाऊस पडतो, मुलाच्या नोकरीचा फोन येतो, नाहीतर कुणीतरी मरतं. आणि पाचवं, शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः पुढे येऊन सांगतो की माणसाने आशा सोडू नये. हा परिच्छेद लिहिण्याची हुरहुर लागली की समजा, जे काम नायकाने करायचं होतं ते झालेलं नाही आणि लेखक त्याच्या वतीने करतो आहे.

यातली तीन लक्षणं दिसली तर पुढे वाचा. एखादंच असेल तर बिघाड कदाचित दुसरीकडे आहे, संवादात किंवा सुरुवातीत, आणि तिथे या तपासण्या उपयोगाच्या नाहीत.

उदाहरण म्हणून एक कथा घेतो. ती लिहिणाऱ्या मुलाची परवानगी आहे, त्याचं नाव लिहीत नाही. कथेचं नाव 'बाग'. देवराव, वय ५८, दीड एकर संत्रा, बापाने लावलेली १८० झाडं: बारा ओळी, ओळीत पंधरा. मे महिना आहे. बोअरला पाण्याऐवजी हवा येते आहे, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराची लिंबाएवढी फळं गळायला लागली आहेत. देवराव बँकेत जातो, कर्ज मिळत नाही. व्यापारी आधी ठरलेला सौदा मोडतो. देवराव झाडाला मिठी मारून रडतो. शेवटी वळवाचा पाऊस येतो. भाषा चांगली होती, बागेचा वास येत होता. तरी ऐकणाऱ्यांपैकी एकानेही देवरावबद्दल प्रश्न विचारला नाही.

पहिली तपासणी: मागणं हातात धरता येतं का?

यासाठी एक पेन्सिल आणि दोन मिनिटं लागतात. एक वाक्य लिहा: "देवरावला अमुक गोष्ट अमुक दिवसापर्यंत हवी आहे." गाळलेल्या जागी जे येईल ते हातात धरता आलं पाहिजे, नाहीतर मिळालं की नाही हे परक्या माणसालाही सांगता आलं पाहिजे.

'बाग' लिहिणाऱ्या मुलाने लिहिलं, "देवरावला बाग वाचवायची आहे." ऐकायला बरं वाटतं, पण बाग वाचली हे कोणत्या दिवशी कळणार? दोन वर्षांनी? दहा? छोट्या कथेत तीन-चार प्रसंग असतात. ज्या मागण्याला तारीख नाही ते इतक्या थोड्या जागेत मिळतही नाही आणि हातचं जातही नाही. मग नायक नुसता काळजी करत बसतो, आणि काळजी करणारा माणूस पानावर रडण्याशिवाय दुसरं काय करणार?

थोडं खोदल्यावर मुलगा म्हणाला, नवं बोअर मारायला कर्ज लागेल. मी विचारलं, कर्ज कशावरून अडलं? तो थांबला आणि म्हणाला, सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव असेल. तिने हक्कसोडपत्र करून दिलं तर बँक पुढे सरकेल.

हे मागणं झालं. एक कागद, त्यावर एका बाईची सही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, पाऊस लागायच्या आत. सही झाली की नाही, हे तिथल्या शिपायालाही सांगता येईल.

पुष्कळ कथा या एका बदलानेच उभ्या राहतात. ही राहिली नाही.

दुसरी तपासणी: गरजेच्या जागी एखाद्या गुणाचं नाव तर लिहिलं नाही?

आता दुसरं वाक्य: "पण देवरावला खरी गरज आहे ती…" इथे नव्वद टक्के लोक प्रेम, शांती, आत्मविश्वास, माणुसकी असं काहीतरी लिहितात. याने कथा चालत नाही, कारण शांती करून दाखवता येत नाही. वाचकाला पात्राचं मन दिसत नाही, त्याचे हात दिसतात आणि त्याचं बोलणं ऐकू येतं.

म्हणून गरज अशा कृतीच्या रूपात लिहा, जी तो आजवर टाळत आला आहे. कुणाला तरी काहीतरी सांगणं. माफी मागणं. मदत घेणं. एखादी वस्तू परत करणं. 'टाळत आला आहे' हा भाग महत्त्वाचा. जी कृती त्याला आज सहज करता येते ती गरज नाही, ते त्याच्या यादीतलं एक काम आहे.

देवरावच्या बाबतीत आम्ही इथे अडकलो. मुलगा म्हणत होता, त्याला धीराची गरज आहे. तेव्हा मी जे नेहमी करतो ते केलं: मसुदा पुन्हा वाचला आणि ज्या माणसाचा उल्लेख एकदाच येऊन गेला आहे तो शोधला. दुरुस्तीचं सामान बहुतेक वेळा तुमच्याच मसुद्यात कुठेतरी पडलेलं असतं, कारण हाताने ते मनाच्या आधी लिहिलेलं असतं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: "बाप नागपूरच्या दवाखान्यात वारला तेव्हा देवराव पोचू शकला नव्हता, बहीण वत्सला जवळ होती."

मी विचारलं, का पोचू शकला नव्हता?

मुलगा म्हणाला, बस चुकली असंल.

खरंच चुकली का?

तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या रविवारी उत्तर घेऊन आला. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, जानेवारीची. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलेली होती. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो: फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडतात, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग हलकं पाणी देऊन ताण तोडतात. त्या दिवशी ताण तोडायचा होता आणि थ्री-फेज लाईन रात्री बारानंतर येणार होती. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. शेवटची बस होती. देवरावने ती सोडली, रात्रभर पाणी दिलं, शेवटच्या दोन ओळी उजाडता उजाडता भिजवल्या आणि सकाळच्या बसने निघाला. बाप पहाटेच गेला होता. देवरावने सगळ्यांना सांगितलं, बस चुकली.

ताण एक दिवस लांबला असता तर बागेचं काहीही बिघडलं नसतं. हे देवरावला बागायतदार म्हणून पक्कं ठाऊक आहे. मुलाने हे वाक्य लिहून आणलं तेव्हा मी वही खाली ठेवली. हे ज्याला बाग माहीत आहे त्यालाच सुचतं.

तर गरज अशी: वत्सलाला सांगणं की बस चुकली नव्हती.

तिसरी तपासणी: फुकट देऊन बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे आणि बिघाड नेमका कुठे आहे ते इथे कळतं. यासाठी अर्धा तास काढा.

कल्पना करा की पहिल्याच पानावर नायकाला त्याचं मागणं कुणीतरी फुकट देऊन टाकलं. आता गरजेचं काय होतं? तीन शक्यता आहेत.

गरजही आपोआप भागली, तर दोन्ही एकाच दिशेला ओढताहेत. मुलाचा पहिला मसुदा असा होता: पाऊस आला, बाग वाचली, धीरही आला. दोन्ही बैल एकाच बाजूला जुंपलेले आणि वाट उताराची. अशा कथेत अडचणी कितीही घाला, नायकाला कधीच निवड करावी लागत नाही. अडचण फक्त उशीर करते.

गरजेवर काहीच परिणाम झाला नाही, तर दोन्ही समांतर आहेत. समजा देवरावला कागद हवा आहे आणि शिवाय शेजाऱ्याशी मोडलेलं बोलणं जोडायचं आहे. सकाळी कागद करेल, संध्याकाळी शेजाऱ्याकडे चहा घेईल. समांतर जोडी वरवर विरुद्ध दिसते म्हणून फसवते. नवे लेखक इथेच सगळ्यात जास्त अडकतात, कारण त्यांना वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणजे ताण आहे. ताण तेव्हा असतो जेव्हा एकाच दोरीची दोन टोकं दोघांच्या हातात असतात.

तिसरी शक्यता: मागणं मिळाल्याने गरज आणखी दूर गेली. हे हवं आहे. देवरावला सही मिळाली तर काय होईल? वत्सला सही का देते आहे ते बघा. ती गावभर सांगते, "बाबाच्या बागेसाठी भावानं जीव वतला." बिचाऱ्याची बस चुकली, बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, निदान बाग तरी त्याची असू दे, म्हणून ती आपला वाटा सोडते आहे. म्हणजे ती सही त्या खोट्यावरच उभी आहे. सही झाली की खरं बोलणं कायमचं बंद, कारण त्यानंतर बोलणं म्हणजे फसवून घेतलेल्या कागदाची कबुली. आणि आधी बोललं तर सही जाऊ शकते. एकच बाई, एकच कागद, एकच सकाळ.

आता उलट बाजूनेही फुकट देऊन बघा. देवरावने पहिल्याच पानावर सगळं सांगून टाकलं असं धरा. मागणं होतं तितकंच सोपं राहतं का? इथे राहत नाही. दोन्हीकडून अडलं तरच जोडी पक्की बसली.

जोडी समांतर निघाली तर नवी गरज शोधत बसू नका. मागणं ज्याच्या हातात आहे त्याच माणसाच्या हातात गरजही द्या. शेजारी काढून टाका, वत्सलाला पुढे आणा. दहातल्या सहा-सात कथा एवढ्याने दुरुस्त होतात.

इथे एक गोष्ट आमच्या भागापुरती सांगायलाच हवी. आपल्याकडे नवा लेखक कर्ज, नापिकी आणि आत्महत्या याकडे वळतो. वळणारच, ते त्याने घरात नाहीतर शेजारी पाहिलेलं असतं. पण कर्ज आणि दुष्काळ बाहेरून दाबतात. त्यांनी माणूस चिरडला जातो, विभागला जात नाही. बाहेरचा दाब कितीही वाढवला तरी आतली ओढाताण तयार होत नाही. दाब राहू द्या, तो खरा आहे. त्याचं काम देवरावला निबंधकाच्या दारापर्यंत आणणं एवढंच आहे. दारात आल्यावर जे होतं ते त्याच्या आतलं असलं पाहिजे.

चौथी तपासणी: दोघांचं मूळ एक आहे का?

जोडी विरुद्ध बसली तरी कधीकधी कथा जुळवून आणल्यासारखी वाटते. वाचक म्हणतो, लेखकाने मुद्दाम अडवलं. अशा वेळी मागणं आणि गरज दोन वेगळ्या मुळांतून आलेली असतात.

नायक ज्या नियमाने जगतो तो एका वाक्यात लिहा, त्याच्याच बोलीत. देवरावचा नियम: "बाग जगली त ते रात वाया नाई गेली." या एका वाक्यातून मागणं फुटतं, कारण बाग जगवणं म्हणजे त्या रात्रीची भरपाई. आणि याच वाक्यामुळे गरज झाकली जाते, कारण भरपाई चालू आहे तोवर कबुलीची वेळ येत नाही. हा नियम चुकीचा आहे, पण देवरावला तो अकरा वर्षं उपयोगी पडला आहे. चुकीचा आणि उपयोगी, दोन्ही असायला हवं. नुसता चुकीचा नियम धरून बसणारा नायक मूर्ख वाटतो आणि वाचक त्याची साथ सोडतो.

हे सापडलं की मोह होतो: अकरा वर्षांपूर्वीची ती रात्र पूर्ण लिहून काढण्याचा. आपल्या मुलाने चार पानं लिहिली. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधलेलं असतं, आणि कलमाच्या डोळ्याच्या खालून खुंटाला जे फुटवे येतात ते जोमदार असतात, हिरवेगार दिसतात, आणि त्यांना संत्री कधीच लागत नाहीत. आपण ते काढून टाकतो. ती चार पानं तशीच होती. मूळ जमिनीत असू द्या. वाचकाला त्यातल्या दोन ओळी पुरतात, त्याही पात्राच्या तोंडून, आणि जितक्या उशिरा येतील तितक्या बऱ्या.

पाचवी तपासणी: प्रसंगांची वही

याला एक संध्याकाळ लागते. कागदावर मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला मागणं, उजव्या बाजूला गरज. प्रत्येक प्रसंगासमोर लिहा: या प्रसंगानंतर नायक कशाच्या जवळ गेला आणि कशापासून लांब?

'बाग'च्या नव्या मसुद्यात चार प्रसंग होते. बँकेतला माणूस सांगतो की बहिणीचं नाव कमी करून आणा. इथे मागणं ठरतं, गरज अजून झोपलेली आहे. मग देवराव वत्सलाला फोन करतो. ती एका शब्दात हो म्हणते, वर त्याचं कौतुक करते. मागणं खूप जवळ आलं आणि खरं बोलणं तेवढंच अवघड झालं. मग ती माहेरी येते, बागेतून फिरते, शेवटच्या दोन ओळींपाशी थांबते आणि म्हणते, याच ओळी बाबानं पहिल्यांदा लावल्या होत्या ना? त्या बाकीच्यांपेक्षा हिरव्या आहेत, कारण देवराव अकरा वर्षं त्यांनाच जास्त पाणी देत आला आहे. त्याने असं का केलं ते कथेत कुणीही सांगत नाही. चौथा प्रसंग निबंधकाच्या कार्यालयातला.

जुन्या मसुद्यातला व्यापाऱ्याचा प्रसंग या वहीत बसेना. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. प्रसंग सुंदर लिहिला होता, संत्र्याचा सौदा कसा मोडतो ते अगदी नेमकं होतं. तो काढावा लागला. दोन्ही रकाने कोरे राहतात तो प्रसंग कितीही चांगला असला तरी या कथेचा नाही. तो वेगळ्या पाकिटात ठेवा, त्याची स्वतःची कथा होईल.

लागोपाठ दोन प्रसंगांत दोन्ही रकान्यांत 'जवळ' आलं असेल तर तिथे दोर सैल पडला आहे. नेमकी ती जागा पुन्हा लिहा, सगळी कथा नको.

सहावी तपासणी, सगळ्यात अवघड: निवडीचा क्षण

इतकं सगळं होऊनही शेवट पडतो तो दोन कारणांनी. एक, नायक निवड करतो पण त्याची किंमत देत नाही. देवराव खरं सांगतो, वत्सला रडते, त्याला जवळ घेते आणि सही करते. दोन्ही मिळालं, म्हणजे ओढाताण होतीच कशाला? मुलाने पहिल्यांदा हेच लिहिलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं. दुसरं कारण, नायक निवड बोलून दाखवतो: "आज मला कळलं की सत्य मोठं असतं." असं माणूस बोलत नाही, निबंधकाच्या व्हरांड्यात तर नाहीच.

निवड एका छोट्या, उलटवता न येणाऱ्या कृतीत बसवा, आणि त्या कृतीनंतर लवकरात लवकर थांबा. आम्ही दोघांनी बसून हा भाग सहा वेळा लिहिला. सहावा असा होता:

> नंबर यायला अजून दोन माणसं होती. वत्सलानं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला.
>
> "शेवटी शेवटी तुयंच नाव घेत होते," ती म्हणाली. "म्या सांगतलं, येऊन रायला म्हणा. बस चुकली त्याची."
>
> देवराव समोरच्या भिंतीवरचा नमुना वाचत होता. नाव, वय, धंदा.
>
> "पेन हाय का तुयापाशी?"
>
> त्यानं खिशातून पेन काढला. टोपण उघडलं. तिच्या हातात दिला नाही.
>
> "बाई, बस नव्हती चुकली."
>
> आतून कुणीतरी नाव पुकारलं. त्यांचं नव्हतं. वत्सलानं चष्मा डोळ्याला लावला आणि त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा काढला.
>
> "कोनत्या ओळीले पानी देत होता?"

कथा इथे संपते. सही झाली की नाही हे मुलाने लिहिलं होतं, दोन ओळींत. त्या आम्ही काढल्या. वत्सलाच्या प्रश्नात ती सगळं समजली आहे हे येतं, आणि त्या दोन हिरव्या ओळी परत येतात. कागदाचं काय झालं, याचं उत्तर दिलं असतं तर वाचकाचं लक्ष पुन्हा मागण्याकडे गेलं असतं.

गरजच जिंकली पाहिजे असा नियम नाही. देवराव म्हणू शकतो, "हो, चुकली," आणि पेन पुढे करू शकतो. मग कर्ज मिळेल, बोअरला पाणी लागेल, बाग हिरवी होईल, आणि ती हिरवी बाग बघणं त्याला जन्मभर जड जाईल. तो शेवटही पूर्ण आहे, कारण किंमत दिली गेली. मला स्वतःला पहिला जास्त पटतो, पण मुलगा बरेच दिवस दुसऱ्याच्या बाजूने भांडला आणि त्याच्याकडेही कारणं होती. चालत नाही तो फक्त फुकटचा शेवट.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

तिसऱ्या तपासणीत तीन वेगवेगळ्या गरजा लावून पाहिल्या आणि तिन्ही वेळा जोडी समांतरच राहिली, तर थांबा. ही कथा बहुधा या साच्याची नाही. प्रसंगाची कथा असते, गमतीची असते, एका गावाच्या स्वभावाची असते. तिला जबरदस्तीने हा ताण देऊ नका. जास्त दिवस ताणावर राहिलेल्या झाडाच्या फांद्या वाळतात.

सहावी तपासणी पाच-सहा वेळा करूनही शेवट बसत नसेल तर कथा महिनाभर बाजूला ठेवा आणि मग संपादन करणाऱ्या अनुभवी माणसाला दाखवा. घरच्यांना नको. त्यांना देवराव कोण आहे ते माहीत असतं आणि ते कथेऐवजी त्याच्याबद्दल बोलतात. देताना एकच प्रश्न लिहून द्या: नायकाने निवड कुठे केली असं तुम्हाला वाटलं? त्याने बोट ठेवलेली जागा आणि तुमच्या मनातली जागा वेगळी असेल, तर दुरुस्ती त्या दोन जागांच्या मध्ये आहे.

मागणं कायद्याच्या कागदावर टेकलं असेल तर दस्तलेखकाला किंवा वकिलाला प्रसंग वाचून दाखवा. हक्कसोडपत्राची नोंदणी कशी होते, साक्षीदार कुठे उभे राहतात, हे चुकलं तर वाचक शेवटच्या क्षणी कथेबाहेर पडतो. पिकाचं असेल तर कृषी खात्यातल्या माणसाला विचारा. आपल्या मुलाच्या पहिल्या मसुद्यात मे महिन्यात बाग फुलांनी भरलेली होती. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि मृगाची जून-जुलैत, मे महिन्यात झाडावर फुलोरा नसतो. बागायतदार वाचक त्या एका ओळीवर पुस्तक मिटतो.

खऱ्या माणसाची गोष्ट असेल, आणि वाद कोर्टात किंवा भावकीत चालू असेल, तर छापायला देण्याआधी वकिलाला विचारा. नाव आणि गाव बदलणं नेहमी पुरत नाही.

आणि जी गोष्ट लिहिताय ती तुमच्याच घरातली असेल, गेलेला माणूस तुमचाच असेल, आणि चौथ्या तपासणीत मूळ खोदताना झोप उडाली, जेवण जाईना, स्वतःबद्दल वाईटसाईट विचार यायला लागले, तर त्याच दिवशी लिहिणं थांबवा. हे दुरुस्तीचं काम राहिलेलं नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाला भेटता येतं. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंची कथा दोन वर्षांपासून वाचनालयाच्या कपाटात पाकिटात बंद आहे. त्यांनीच ठेवायला दिली आहे, आणि त्या मागतील तेव्हाच ते पाकीट बाहेर निघेल.